परदेशी प्रतिनिधीला निमंत्रणपत्र देताना : तारखा, मुक्काम आणि व्हिसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आमच्या समितीने कातळशिल्पांवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तेव्हापासून चिपळूण, मालवण, अलिबागकडच्या कॉलेजांतून आणि संस्थांतून फोन येत असतात. सगळ्यांची विचारणा एकाच कागदाभोवती फिरते : परदेशी पाहुण्याला पाठवायचं पत्र. वरचेवर येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी नेहमीचे, मग अवघड.

१. ईमेलवर "या" म्हटलंय. वेगळं पत्र कशाला हवं?

कारण ते पत्र फक्त पाहुणा वाचत नाही. ते व्हिसा अधिकारी वाचतो, विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी मागू शकतो आणि हॉटेलच्या काउंटरवरही दाखवावं लागतं. या तिघांना तुमच्या परिषदेबद्दल काही माहीत नसतं. बोलावणारी संस्था कोण, कशासाठी, कुठे, किती दिवस आणि राहायची सोय काय, हे त्यांना एका पानात कळलं पाहिजे. म्हणून आम्ही दोन कागद पाठवतो. एक मनापासून लिहिलेलं निमंत्रण, त्यात सड्यावरच्या हत्तीच्या चित्राबद्दल हवं तेवढं लिहा. दुसरं व्हिसापत्र : लेटरहेडवर, जावक क्रमांक घातलेलं, सही-शिक्क्याचं, कोरडं आणि नेमकं. या पानावर जिथे "पत्र" म्हटलंय तिथे हे दुसरं समजा.

२. पत्रात नेमकं काय लिहायचं? नमुना मिळेल का?

ई-व्हिसाच्या अर्जात प्रतिनिधीला परिषदेचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, जागेचा पत्ता, जिल्हा, आयोजकाचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल भरावा लागतो. शिवाय भारतातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव आणि फोन नंबरही लागतो. हे सगळं पत्रात सापडलं की त्याला तुम्हाला पुन्हा विचारावं लागत नाही. जिल्हा आणि पिनकोड आवर्जून लिहा. "रत्नागिरी, कोकण" असा पत्ता आपल्याला पुरतो, अर्जाला पुरत नाही.

पत्र इंग्रजीतच द्यायचं. आमच्या मजकुराचा गाभा मराठीत असा आहे :

"आपला शोधनिबंध आमच्या समितीने स्वीकारला आहे. परिषद २० ते २२ जानेवारी या काळात रत्नागिरी येथे होईल. २३ जानेवारीला आयोजकांसोबत कातळशिल्पांची क्षेत्रभेट आहे. १९ जानेवारीच्या दुपारपासून २४ जानेवारीच्या सकाळपर्यंत आपल्या राहण्या-जेवण्याचा खर्च समिती करील. विमानप्रवास, विमा आणि व्हिसा शुल्क आपल्याकडे राहील. आपण परिषद व्हिसासाठी अर्ज करावा. त्यासाठी लागणाऱ्या मंजुऱ्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. व्हिसा देण्याचा निर्णय सर्वस्वी भारत सरकारचा आहे."

त्याखाली पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, मुक्कामाचा पत्ता आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा मोबाइल. कार्यालयाचा लँडलाइन देऊ नका, रविवारी तो कोणी उचलत नाही.

३. परिषद तीन दिवसांची आहे. मग तारखा तीनच लिहायच्या ना?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पत्रात तारखांच्या तीन जोड्या असतात आणि त्या वेगवेगळ्या असतात. परिषदेच्या तारखा एक. तुम्ही ज्या दिवसांचा मुक्काम देता त्या दुसऱ्या. पाहुणा भारतात असेल तो काळ तिसरा. तिन्ही वेगळ्या ओळींवर लिहा.

परिषदेच्या तारखा सरकारी मंजुरीत असतील अगदी त्याच हव्यात. क्षेत्रभेटीचा दिवस नंतर सुचला म्हणून पत्रात "२० ते २३" केलं आणि मंजुरीत "२० ते २२" राहिलं, तर दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि अर्ज अडू शकतो. क्षेत्रभेट असेल तर मंजुरी मागतानाच ती कार्यक्रमात दाखवा.

आणि महिना अक्षरांत लिहा. ०५/०२ म्हणजे आपल्याला पाच फेब्रुवारी, अमेरिकेतल्या माणसाला दोन मे.

४. कोकणात परिषद कधी ठेवावी म्हणजे पाहुण्यांचे हाल होणार नाहीत?

विषयावर अवलंबून आहे, पण पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी बघा. जून ते ऑक्टोबरमध्ये कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते आणि गणपतीच्या दिवसांत तिकीट मिळणं जवळपास अशक्य असतं. दुसरं म्हणजे पावसात सडा गवताने झाकून जातो, चित्रं दिसत नाहीत. आम्ही जानेवारी धरला. तेव्हाही क्षेत्रभेट सकाळी सातला निघते, कारण कातळावरच्या उथळ रेघा तिरप्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी पाहुणा चित्राच्या काठावर उभा राहून "कुठे आहे?" विचारतो.

५. पाहुणा म्हणतो टुरिस्ट व्हिसा आहेच, त्यावर येतो. चालेल?

नको म्हणा. ई-टुरिस्ट व्हिसा फिरणं, नातेवाइकांना भेटणं अशा कामांसाठी आहे. परिषदेसाठी ई-कॉन्फरन्स हा वेगळा प्रकार आहे. तो ३० दिवसांचा असतो आणि त्यावर एकदाच प्रवेश मिळतो. तुमच्याच पत्रात "शोधनिबंध सादर करणार" लिहिलेलं असताना पाहुण्याकडे टुरिस्ट व्हिसा असेल, तर इमिग्रेशनच्या काउंटरवर उत्तरं त्याला द्यावी लागतात, आपल्याला नाही.

अर्ज फक्त indianvisaonline.gov.in/evisa इथेच करायचा. शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात, त्या जास्तीचे पैसे घेतात. म्हणून हा पत्ता आम्ही पत्रातच छापतो. पासपोर्ट येण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

६. पत्र दिलं की झालं ना?

नाही. बहुतेक समित्यांना हे शेवटच्या पंधरवड्यात कळतं. ई-कॉन्फरन्स अर्जाला निमंत्रणपत्रासोबत परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी जोडावी लागते. गृह मंत्रालयाची कार्यक्रम-मंजुरी त्या यादीत ऐच्छिक म्हणून आहे, पण असेल तर जोडावीच. हे कागद प्रतिनिधीला मिळवता येत नाहीत, ते आयोजकालाच मिळवावे लागतात. म्हणजे पाहुण्याला एक नाही, दोन-तीन फाइली पाठवायच्या असतात.

गृह मंत्रालयाकडे अर्ज conference.mha.gov.in वर होतो. संस्था सरकारी आहे, अनुदानित आहे की खाजगी ट्रस्ट, यावर कोणाकोणाची संमती जोडायची ते ठरतं. खाजगी संस्थेला विषयाशी संबंधित मंत्रालय आणि राज्य सरकार यांच्याकडे जावं लागू शकतं, म्हणून तिने जास्त वेळ धरावा. आम्ही परिषदेच्या चार महिने आधी सुरुवात केली आणि तेवढा वेळ लागला. त्या अर्जात परदेशी प्रतिनिधींची माहितीही मागतात. त्यामुळे "नावं नंतर कळवू" हे चालवून घेऊ नका. पासपोर्टचं पहिलं पान हातात आल्याशिवाय आम्ही नाव यादीत घेत नाही.

७. प्रतिनिधीचा निरोप आलाय : तुमचं पत्र अपलोडच होत नाही.

फाइल मोठी आहे. ई-व्हिसाच्या साइटवर कागदपत्रं पीडीएफमध्ये आणि १० ते ३०० केबीच्या आत लागतात. आपल्या कार्यालयात शिक्का छान दिसावा म्हणून रंगीत स्कॅन करतात आणि दोन पानांचं पत्र चार एमबीचं होतं. करड्या रंगात, १५० डीपीआयवर स्कॅन करा आणि मंजुरीची प्रतही तशीच करा. पाठवण्याआधी फाइल मोबाइलवर उघडून जावक क्रमांक आणि सही वाचता येते का ते बघा. नसेल तर स्कॅन जरा वाढवा, पण ३०० च्या आत.

फाइलच्या नावात मराठी अक्षरं, कंस किंवा टिंब घालू नका.

८. "व्हिसासाठी सर्वतोपरी मदत करू" असं लिहावं का?

हे वाक्य काढून टाका. पाहुणा त्याचा अर्थ "व्हिसा मिळवून देतील" असा घेतो. आपण देऊ शकतो ते एवढंच : वेळेवर पत्र, मंजुऱ्यांच्या प्रती, अर्ज भरताना अडलं तर फोनवर मदत आणि दूतावासाने विचारलं तर निमंत्रण खरं असल्याची खात्री. अर्ज आपण भरत नाही, शुल्क आपण देत नाही आणि नाकारला तर फेरविचार करायला लावू शकत नाही. शुल्क परत मिळत नाही, हेही आधीच सांगा.

नियमाने अर्ज येण्याच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो. पाहुणे ते वाचून निवांत राहतात. आम्ही पत्रातच "सहा आठवडे आधी अर्ज करावा" असं लिहितो. नाकारला गेला तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे साध्या परिषद व्हिसाचा अर्ज करायला तेवढे दिवस तरी हातात राहतात.

९. पाहुण्यांना गावातल्या घरी, होमस्टेमध्ये ठेवायचंय. पत्रात तो पत्ता दिला तर?

आधी मालकाला विचारा : "सी-फॉर्म भरता का?" परदेशी माणूस ज्याच्याकडे राहतो त्याने २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. हॉटेल, गेस्ट हाउस, होमस्टे, कॉलेजचं वसतिगृह, खाजगी घर, कोणीही सुटत नाही. मोठ्या हॉटेलांना सवय असते. समुद्राकाठच्या घरगुती मुक्कामांपैकी बऱ्याच ठिकाणी अशी नोंदणीच केलेली नसते.

हे आम्ही अनुभवातून शिकलो. पहिल्या वर्षी एका प्रतिनिधीला नारळाच्या वाडीतल्या टुमदार घरात ठेवलं होतं आणि पत्रातही तोच पत्ता दिला होता. रात्री साडेनऊला मालकांनी पासपोर्ट बघितला आणि म्हणाले, "आमच्याकडे फॉरेनरची नोंद होत नाही हो, उद्या पोलिसांचं काही आलं तर?" चूक त्यांची नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. पाहुण्याला घेऊन अकरापर्यंत शहरात फिरलो आणि पत्रातला पत्ता खोटा ठरला तो वेगळाच.

आता पत्र निघण्याआधी समितीतला एक जण मुक्कामाच्या जागी जाऊन नोंदणी दाखवायला सांगतो. कॉलेजच्या गेस्ट हाउसमध्ये ठेवणार असाल तर तुमचीच नोंदणी करावी लागेल. त्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात आधीच जाऊन या. पाहुणा आल्यावर धावपळ नको.

मुक्कामाबद्दल पत्रात खोली एकट्याची की दोघांत, जेवणात शाकाहारी सोय आहे का, गरम पाणी आहे का, हे एका ओळीत सांगा. समुद्र दिसतो हे निमंत्रणात लिहा.

१०. मुंबईहून आणण्याची जबाबदारी पत्रात घ्यावी का?

घेऊ शकत असाल तर जरूर, पण कुठून कुठपर्यंत ते लिहा. सिंधुदुर्गातल्या चिपीला परदेशातून थेट विमान येत नाही. परदेशी पाहुणा मुंबईला किंवा गोव्यात उतरतो आणि पुढे रेल्वे किंवा गाडी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. परदेशी क्रमांकावरून तिकीट काढणं पाहुण्याला जमेलच असं नाही, म्हणून ते आपण काढलेलं बरं. रात्री उशिरा उतरणाऱ्या माणसाला पहाटेच्या गाडीत बसवू नका. मुंबईत एक रात्र धरा आणि ती कोण देणार तेही लिहा. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आहे, तिथून पुढची गाडी आपली.

११. एक पूर्ण उदाहरण सांगाल का?

समजा केनियातल्या एका प्राध्यापक बाई शिलाचित्रांवर निबंध वाचणार आहेत. परिषद वरच्याच तारखांची, २० ते २२ जानेवारी, २३ ला क्षेत्रभेट. सप्टेंबरच्या अखेरीस निबंध स्वीकारला आणि पासपोर्टचं पान मागितलं. ते आलं तेव्हा दिसलं की पासपोर्ट मे महिन्यात संपतोय. जानेवारीपासून सहा महिने होत नाहीत. तो आधी नवा करायचा, मगच नाव मंजुरीच्या यादीत. नवा क्रमांक ऑक्टोबरअखेर आला. पत्र जुन्या क्रमांकाने आधीच दिलं असतं तर ते रद्द करावं लागलं असतं.

नोव्हेंबरअखेर मंजुऱ्या हाती आल्या. पत्र आणि मंजुरी, प्रत्येकी ३०० केबीच्या आत, बाईंना गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अर्ज केला. येण्याचं विमानतळ मुंबई. मग त्यांनी बेत कळवला : १८ ला मुंबईत उतरून रत्नागिरी, २४ ला श्रीलंका, २८ ला परत मुंबईहून नैरोबी. इथे थांबवलं, कारण प्रवेश एकदाच. श्रीलंकेला गेल्यावर त्याच व्हिसावर पुन्हा आत येता येत नाही. उपाय सोपा निघाला : श्रीलंका आधी, भारत नंतर.

केनियाहून येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचं कार्डही लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. आधीच्या सहा दिवसांत अशा देशात असलेल्या प्रवाशाकडे कार्ड नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या प्रतिनिधींच्या पत्रात आम्ही ही ओळ नेहमी घालतो.

निघताना बाईंच्या हातात चार छापील कागद : मंजूर झालेली व्हिसाची प्रत, आमचं पत्र, लसीचं कार्ड, परतीचं तिकीट. मोबाइलवर असलं तरी छापील घ्यायला सांगा, विमानतळावर उतरताना फोनची बॅटरी संपलेली असू शकते.

१२. पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनाव नाही. किंवा निबंधावर वेगळं नाव आहे.

पत्रावर पासपोर्टमधलंच नाव, अक्षर न अक्षर. पहिल्या पानाच्या तळाशी बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यावरून स्पेलिंग जुळवा. निबंधावर लग्नाआधीचं किंवा टोपणनाव असेल तर पत्रात "या नावाने लेखन करतात" एवढी भर घाला. आडनाव नसेल तर आपल्या मनाने वडिलांचं नाव लावू नका. रेल्वेच्या तिकिटावरही हेच नाव.

१३. पती किंवा पत्नी सोबत येणार आहे. त्यांनाही पत्र द्यायचं का?

परिषदेत भाग घेत नसतील तर परिषदेचं पत्र देऊ नका. त्यांनी टुरिस्ट व्हिसा काढावा. मुख्य प्रतिनिधीच्या पत्रात "खोलीत सोबत अमुक राहतील, खर्च त्यांचा" एवढं लिहिलं तर दोघांनाही मुक्कामाचा पुरावा होतो. सी-फॉर्म दोघांचाही भरायचा, प्रश्न ९ पाहा.

१४. प्रतिनिधीकडे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. नेपाळचा नागरिक आहे. त्यांचं काय?

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. ओसीआय कार्डधारकालाही वेगळा व्हिसा नको, पण परिषदेला जोडून संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल तर परवानगी लागते, ती त्यांनी आधी काढावी. दोघांनाही साधं निमंत्रणपत्र द्या, त्यातून व्हिसाचा परिच्छेद काढून टाका. नाहीतर ते उगाच अर्ज करत बसतात.

१५. ई-व्हिसा कोणाला मिळतच नाही?

राजनैतिक किंवा शासकीय पासपोर्टवर येणाऱ्यांना आणि संयुक्त राष्ट्रांचं प्रवासपत्र वापरणाऱ्यांना ई-व्हिसा नाही, त्यांनी दूतावासातून घ्यावा. पाकिस्तानी नागरिक आणि पाकिस्तानी मूळ असलेले लोक यांनाही नाही, मग आजचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. अर्जात आई-वडील आणि आजी-आजोबांबद्दल थेट प्रश्न असतो. असा प्रतिनिधी असेल तर गृह मंत्रालयाची मंजुरी ऐच्छिक राहत नाही. म्हणून यादी करतानाच सगळ्यांना हा प्रश्न सारख्याच शब्दांत, सौजन्याने विचारा. नावावरून अंदाज बांधून एकालाच विचारलं तर तो अपमान ठरतो. त्यांच्यासाठी जास्त वेळ धरा आणि पत्रातही वेळ लागेल असं प्रामाणिकपणे सांगा.

१६. क्षेत्रभेटीसाठी पाहुणे ड्रोन, सॅटेलाइट फोन आणणार म्हणतात.

पत्रात ठळक अक्षरांत नको म्हणा. परदेशी ड्रोनच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणंच गुन्हा आहे, विमानतळावर अटक होऊ शकते. डोंगरात फिरणारे संशोधक सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र बॅगेला अडकवून फिरतात. त्यांना ते फोन वाटतच नाही, म्हणून वेगळं नाव घेऊन सांगा. हवाई छायाचित्रं हवी असतील तर इथल्या परवानाधारकाकडून आपण काढून देऊ.

१७. पत्र गेल्यावर तारखा बदलल्या. आता?

जुन्या पत्रावर पेनने खाडाखोड करून स्कॅन करू नका. नव्या जावक क्रमांकाने नवं पत्र काढा आणि त्यात "अमुक क्रमांकाचं पत्र रद्द" असं लिहा. आधी मंजुरीतल्या तारखा बदलून घ्या, प्रश्न ३ मध्ये कारण आहे. ज्यांचा व्हिसा आधीच आलाय त्यांच्या व्हिसाची मुदत नव्या तारखांना पुरते का, ते प्रत्येकाचं वेगळं तपासावं लागेल. पुरत नसेल तर नवा अर्ज, नवं शुल्क. ते समितीने द्यावं असं माझं मत आहे, कारण तारीख आपण बदलली.

१८. अनोळखी माणूस नोंदणी शुल्क भरायला तयार आहे, पण आधी पत्र मागतोय.

निबंध स्वीकारला गेल्याशिवाय किंवा समितीतल्या कोणी ओळख दिल्याशिवाय पत्र नाही, हा नियम ठेवा. काही जण फक्त व्हिसासाठी पत्र गोळा करतात. त्यांचे ईमेल सारखेच असतात : विषयाबद्दल एक शब्द नाही, पाच-सहा जणांची नावं एकदम, आणि घाई. आम्ही एकच प्रश्न उलट विचारतो, "आपण कोणत्या स्थळांवर काम केलंय?" खरा संशोधक दोन पानं लिहून पाठवतो.

दिलेल्या प्रत्येक पत्राची नोंद एका वहीत ठेवा : क्रमांक, नाव, पासपोर्ट, तारीख. दूतावासातून फोन आला तर वही उघडून लगेच उत्तर देता येतं. पत्र घेऊनही जो आला नाही, त्याची नोंदही परिषद संपल्यावर त्याच ओळीत करा.